मदत हवी आहे: प्रत्येक अशिलाचं चॅट वेगळं, पण फोटो एकत्र

आमच्या सीए ऑफिसात प्रत्येक अशिलाचा वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. तरी बँक स्टेटमेंटचे फोटो फोनच्या गॅलरीत एकत्रच येतात. एकाच बाजारपेठेतले दोन कापड दुकानदार आमचे अशील. एकाची खरेदी-बिलं दुसऱ्याला गेली तर संपलंच! सीए कायदा, १९४९ नुसार परवानगीशिवाय अशिलाची माहिती उघड करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे.

प्रत्येक चॅटची ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केली, त्यामुळे नवे फोटो गॅलरीत येत नाहीत. जुने मात्र तसेच आहेत. फाइलच्या नावात अशिलाचा कोड घालतो. पण फॉरवर्ड करताना वरच दिसणाऱ्या अलीकडच्या चॅटवर बोट पडण्याची भीती राहतेच. ऑफिसात सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या आर्टिकल्सचं काम बदलल्यावर त्यांच्या फोनमधल्या प्रतींचं तुम्ही काय करता?