पेसमेकरची बॅटरी: ९ वर्षांची एकदम ५ कशी झाली?

मंजिरी:
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या कार्यक्रमाच्या धाग्यात हे घुसवत नाही म्हणून वेगळी मेल करतेय. माझ्या सासऱ्यांना ३ वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय. गेल्या वर्षीच्या तपासणीत मशीनने सांगितलं बॅटरी अजून ९ वर्षं जाईल, आणि या वेळी म्हणे ५! एका वर्षात चार वर्षं गेली कुठे? बाबा तेव्हापासून गप्पच आहेत, बॅटरी खराब निघाली असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलंय. आणि मुळात प्रश्न असा की माझा फोन बिनवायरीचा चार्ज होतो, मग छातीतली बॅटरी चार्ज का होत नाही, दर वेळी कापाकापी कशाला?

सुहास:
मंजिरी, दोन्हीत लिथियमच असतं, पण चार्ज होणारी बॅटरी फुगते आणि पेटते हे आपण फोनमध्ये बघतोच, त्यामुळे शरीरात ती ठेवतच नाहीत. आणि उरलेल्या वर्षांच्या आकड्याचं म्हणशील तर व्होल्टेज हळूहळू सरळ रेषेत उतरतं, त्यावरून मशीन हिशोब करतं. एकदम चार वर्षं गेली म्हणजे बॅटरीतच दोष असणार, बदलून मागा.

शिरीष:
सुहास, ठेवतच नाहीत कसं? माझ्या पाठीच्या दुखण्यासाठी कमरेच्या वर जे यंत्र बसवलंय ते मी दर आठवड्याला पट्टा बांधून चार्ज करतो, तासभर टीव्हीसमोर बसून. कंटाळा येतो पण चालतं. बाबांनाही तसलंच बसवून घ्या ना मंजिरी.

विद्याधर:
मंजिरी, मी निवृत्तीपर्यंत याच बॅटऱ्यांच्या चाचणीत होतो म्हणून थोडं लांबलचक लिहितो, चहा घेऊन बस.

शिरीषचं यंत्र आणि बाबांचं यंत्र यांची भूकच वेगळी. शिरीषचं मज्जारज्जूला सेकंदाला चाळीस-पन्नास किंवा त्याहून जास्त ठोके देतं, त्याला साध्या बॅटरीवर चालवलं तर बऱ्याचदा काही वर्षांतच संपते, म्हणून चार्जिंगचा त्रास परवडतो. पेसमेकर सेकंदाला एखादाच ठोका देतो, सरासरी करंट १० ते २० मायक्रोअँपिअर. इतक्या कमी भुकेला एकदाच भरलेली शिदोरी पुरते. चार्ज होणारी बॅटरी तेवढ्याच जागेत कमी ऊर्जा साठवते, नुसती पडून राहिली तरी वर्षागणिक तिची क्षमता घटते, आणि वर कुणीतरी चार्ज करायचं लक्षात ठेवायला हवं, ज्याचं हृदय त्या ठोक्यावरच चालतं त्याच्याकडून ही अपेक्षा करणं बरं नाही. सुहास, पेटण्याचं तू म्हणतोस ते अगदी खोटं नाही, पण खरं कारण हे. गंमत म्हणजे १९५८ साली स्वीडनमध्ये शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर चार्ज होणाराच होता, काही तासांत बंद पडला. पुढे पाऱ्याच्या बॅटऱ्या आल्या, त्या साधारण दोन वर्षं टिकत आणि त्यांतून वायू सुटायचा म्हणून डबी पक्की सील करता येत नसे.

लिथियम-आयोडीन १९७२ पासून माणसांत वापरात आली. तिच्यात द्रव नाही, वायू नाही. लिथियम आणि आयोडीन जिथे भेटतात तिथे लिथियम आयोडाइडचा पापुद्रा आपोआप तयार होतो, तोच दोघांना वेगळं ठेवतो आणि तोच आयन वाहून नेतो. पापुद्र्याला तडा गेला तर तिथे पुन्हा दोघं भिडतात आणि तडा स्वतःच बुजतो, अशी खपली धरणारी दुसरी बॅटरी मी पाहिली नाही. वापर होत जाईल तसा पापुद्रा जाड होतो, आतला रोध काहीशे ओहमवरून हजारोंवर जातो. सुहास, म्हणून व्होल्टेज सरळ रेषेत उतरत नाही. २.८ च्या आसपास वर्षानुवर्षं टिकून राहतं आणि शेवटी शेवटी खाली येतं. मधल्या काळात नुसतं व्होल्टेज बघून काही कळत नाही, म्हणून यंत्र आतला रोध मोजतं, शिवाय किती चार्ज खर्च झाला त्याचाही हिशोब ठेवतं. (सगळे पेसमेकर याच रसायनाचे नसतात हं, आता आणखीही प्रकार आहेत.)

आता बाबांचं. त्या आकड्यांत बॅटरीपेक्षा सेटिंगचा हात असण्याची शक्यता मला जास्त वाटते. रिपोर्टवर आउटपुट व्होल्टेज, म्हणजे ठोक्याची ताकद, आणि लीडचा, म्हणजे यंत्रापासून हृदयापर्यंत जाणाऱ्या वायरचा, रोध लिहिलेला असतो, तो दोन्ही वर्षांचा पाठव.

मंजिरी:
काका, सापडलं. गेल्या वर्षी आउटपुट २.५ व्होल्ट, ०.४ मिलिसेकंद. या वेळी ५ व्होल्ट, बाकी तेच. लीडचा रोध तेव्हा ५१०, आता ५०० ओहम. पेसिंग, म्हणजे यंत्राने दिलेले ठोके, दोन्ही वेळा जवळजवळ १०० टक्के. बाबांना मध्ये चक्कर आली होती आणि डॉक्टर "ताकद वाढवली" असं म्हणाले होते, ते हेच का?

विद्याधर:
हेच. ५०० ओहमवर २.५ व्होल्ट म्हणजे ५ मिलिअँपिअर, तो ०.४ मिलिसेकंद वाहिला की एका ठोक्याला २ मायक्रोकुलोम. मिनिटाला ६० ठोके धरले तर सरासरी २ मायक्रोअँपिअर. यंत्राच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला ८ धरू, एकूण १०. बॅटरीत वापरता येण्याजोगं १ अँपिअर-तास धरलं तर १ लाख तास, म्हणजे साधारण ११.४ वर्षं. दोन वर्षं वापरून झाल्यावर ९ उरली, बरोबर?

५ व्होल्ट केल्यावर ठोक्याला ४ मायक्रोकुलोम लागतात. पण २.८ च्या बॅटरीतून ५ काढायचे तर सर्किटला व्होल्टेज दुप्पट करावं लागतं, त्यामुळे बॅटरीतून त्याच्या दुप्पट म्हणजे ८ जातात. म्हणजे व्होल्टेज दुप्पट, खर्च चौपट. एकूण १६ मायक्रोअँपिअर. तीन वर्षांनंतर उरलेल्या ०.७४ अँपिअर-तासाला १६ ने भागलं की ४६ हजार तास, जेमतेम सव्वापाच वर्षं. चार वर्षं कुठे गेली नाहीत, यंत्र फक्त "इथून पुढे हेच सेटिंग राहिलं तर" असं धरून सांगतंय. माझे आकडे ढोबळ आहेत हे मात्र लक्षात ठेव, दोन लीड असतील तर गणित बदलतं.

लीडचा रोध ५०० वर स्थिर आहे हेही चांगलं. वायरचं इन्सुलेशन फाटलं असतं तर तो बराच खाली आला असता, आणि तेव्हाही करंट वाढून बॅटरी लवकर संपते.

सुहास:
काका मानलं. पण मग कारखान्यात १० वर्षं टिकेल हे सांगतात कसं, १० वर्षं बसून बघतात की काय?

विद्याधर:
काही सेल्स खरंच ३७ डिग्रीवर वर्षानुवर्षं चालवत ठेवतात. जास्त करंटने भरभर रिकामी केली तर तिचं वागणं बदलतं, आणि मुख्य म्हणजे आपोआप होणारी झीज दिसत नाही, कारण तिला वेळच मिळत नाही. झीज १ मायक्रोअँपिअरइतकी असली तरी १० वर्षांत १ अँपिअर-तासातले जवळजवळ ९ टक्के गेले. पण ती आतल्या आत होते, बाहेर मीटर लावून दिसत नाही. म्हणून आम्ही सेलमधून निघणारी उष्णता मोजायचो, काही मायक्रोवॅट. खोलीचं दार कुणी उघडलं की दिवसाचं काम गेलं, त्यावरून भांडणं व्हायची!

शिरीष:
आणि संपत आली हे कळतं कसं? माझं तर पिंपिं करतं.

विद्याधर:
ठरलेल्या मर्यादेला आली की यंत्र "बदलायची वेळ" अशी खूण लावतं, त्यानंतर सहसा तीनेक महिने हाताशी असतात. बऱ्याच यंत्रांत छातीवर चुंबक धरला की ठोक्यांचा वेग बदललेला दिसतो, पण तो किती हे प्रत्येक कंपनीचं वेगळं.

मंजिरी:
बाबांना वाचून दाखवलं, "म्हणजे बॅटरीचा दोष नाही तर" एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले. पण काका, ५ व्होल्ट कायमचं ठेवायची गरज आहे का?

विद्याधर:
ते डॉक्टरांचं काम, मी बॅटरीवाला. हृदयाला ठोका लागू पडायला कमीत कमी किती व्होल्ट लागतात, तो आकडाही रिपोर्टवर असायला हवा. तो १ च्या आसपास असेल तर ५ का ठेवलेत असं नक्की विचार. २ च्या वर गेला असेल तर ती ताकद हवीच आहे, आणि मग तो का वाढला हा प्रश्न बॅटरीपेक्षा मोठा.

मंजिरी:
त्या रकान्यात नुसती रेघ आहे. सोमवारी फोन करते.