मदत हवी आहे: आईच्या फॅमिली पेन्शनमधून ७५ हजार वजा होतात की नाही?

परळकर_सचिन
आईचं २०२४-२५ चं रिटर्न भरायचंय. मुदत १५ सप्टेंबर २०२५ ची असली तरी गणपतीला गावी निघायच्या आत मला ते संपवायचंय. बाबांचं रिटर्न भरायचे त्याच गृहस्थांनी आईचंही तयार करून पाठवलंय. त्यात पेन्शन पगाराच्या रकान्यात घालून ७५,००० वजा केलेत आणि टॅक्स शून्य. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, फॅमिली पेन्शनला हे चालत नाही, १५,०००च मिळतात. त्या गृहस्थांना विचारलं तर "सगळ्यांचं असंच भरतो." आईला महिन्याला ४१,५०० मिळतात. बरोबर कोण? जरा लवकर सांगा.

मुलुंड_पूर्व
१२ लाखांपर्यंत टॅक्सच नाही आता. पेन्शन पाच लाखसुद्धा होत नाही. डोकं खपवू नका, भरून टाका.

निवृत्त_लेखाधिकारी
ते १२ लाख १ एप्रिल २०२५ पासूनच्या उत्पन्नाला आहेत. सचिन भरतोय त्या वर्षाला नव्या पद्धतीत ७ लाखांची मर्यादा आहे.
सचिन, अर्धीच माहिती दिली आहेस. आईचं वय काय? एफडीचं व्याज किती? आणि बाबा कधी गेले? त्याच वर्षात गेले असतील तर तोपर्यंतचं पेन्शन बाबांचं उत्पन्न, त्याचं रिटर्न वेगळं.

शुभदा_ठाणे
माझ्या सासूबाईंना बँकेने फॉर्म १६ दिलाय आणि त्यात ७५,००० वजा केलेत. बँकेला कळत नाही का? गेल्या वर्षी ५०,००० धरले होते, काही नोटीस आली नाही. उगाच घाबरवू नका.

परळकर_सचिन
बाबा जानेवारी २०२४ मध्ये गेले. राज्य सरकारी नोकरीत होते. आई ६८ वर्षांची आहे. एफडीचं व्याज १,७८,०००, पोस्टाचं ६८,०००, बचत खात्याचं ६,०००. एफडीवर १७,८०० आणि पोस्टात ६,८०० टीडीएस कापलाय. पेन्शनवर काही कापलेलं नाही. पण माझा प्रश्न ७५,००० चा होता.

केळवे_माहीम
हयातीचा दाखला वेळेत द्या, नाहीतर पेन्शन थांबतं. आमच्या काकूंचं थांबलं होतं. आता घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

निवृत्त_लेखाधिकारी
दाखल्याचं नोव्हेंबरात बघू.

शुभदाताई, बँकेच्या सिस्टिममध्ये सगळी पेन्शन खाती एकाच साच्यात टाकलेली असू शकतात. म्हणून कायदा बदलत नाही. नवऱ्याचं पेन्शन हा त्याचा पगार धरतात, कारण नोकरी त्याने केली. बायको त्या खात्याची नोकर नव्हती, म्हणून तिला मिळणारं पेन्शन 'इतर उत्पन्नात' जातं. ७५,००० ची वजावट पगाराच्या कलमात आहे, ती इथे लागत नाही. इथे कलम ५७ लागतं: पेन्शनचा एक तृतीयांश किंवा ठरलेली रक्कम, यातलं जे कमी ते. ठरलेली रक्कम जुन्या पद्धतीत १५,०००, आणि याच वर्षापासून नव्या पद्धतीत २५,०००. मैत्रीण जुन्या पद्धतीचा आकडा सांगते आहे.

सचिन, नव्या पद्धतीने तुझं गणित:
पेन्शन ४,९८,०००. तृतीयांश १,६६,००० होतो, म्हणून वजा २५,०००. उरले ४,७३,०००.
व्याज सगळं मिळून २,५२,०००.
एकूण ७,२५,०००.
३ ते ७ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, वरच्या २५,००० वर १० टक्के म्हणजे २,५००. सेस ९००. भरायचा टॅक्स २३,४००.

तुझ्या माणसाने ५०,००० जास्त वजा केले, त्यामुळे उत्पन्न ६,७५,००० दिसलं आणि सूट लागून टॅक्स शून्य झाला. उद्या तपासणी झाली तर हे २३,४०० व्याजासकट आईकडे मागतील.

मुलुंड_पूर्व
७ लाखांच्या थोडं वर असेल तर मार्जिनल रिलीफ मिळतो ना? तो कुठे गेला?

निवृत्त_लेखाधिकारी
मिळतो, पण ७ लाखांवरच्या रकमेपेक्षा टॅक्स जास्त होत असेल तरच. इथे वरची रक्कम २५,००० आणि सेसआधीचा टॅक्स २२,५००. साधारण ७,२२,२०० पर्यंतच तो उपयोगी पडतो. आई त्याच्या जरा पुढे आहे.

डोंबिवली_लोकल
माझ्या आईला बाबांच्या पीएफमधलं, ईपीएसचं फॅमिली पेन्शन महिन्याला २,४०० मिळतं. तिचे २५,००० वजा करू ना?

निवृत्त_लेखाधिकारी
नाही. वर्षाचे २८,८००, तृतीयांश ९,६००, तेवढेच वजा. वर्षाचं पेन्शन ७५,००० च्या खाली असलं की तृतीयांश लागतो. तुमच्या आईचं दुसरं उत्पन्न नसेल तर टॅक्सचा प्रश्नच नाही.

सचिन, पोस्टातले पैसे कोणत्या योजनेत आहेत आणि कधी ठेवले? मेडिक्लेम आहे का, आणि हप्ता कोणाच्या खात्यातून जातो?

परळकर_सचिन
बाबांचे पैसे आले त्यातले १० लाख जून २०२४ मध्ये ज्येष्ठ नागरिक योजनेत आईच्या नावावर ठेवले. मेडिक्लेमचा हप्ता ३८,०००, आईच्याच खात्यातून. पण ही सगळी वजावट आता बंद झाली ना?

निवृत्त_लेखाधिकारी
नव्या पद्धतीत बंद. जुनी पद्धत अजून आहे आणि तुझ्या आईसाठी तीच बघायला हवी.
पेन्शन ४,९८,००० वजा १५,००० म्हणजे ४,८३,०००. व्याज २,५२,०००. एकूण ७,३५,०००.
त्यातून ८०सी चे १,५०,०००, कारण त्या योजनेतली ठेव त्यात बसते, १० लाखांतले दीड लाखच. ८०टीटीबी मध्ये व्याजाचे ५०,०००. ८०डी मध्ये हप्त्याचे ३८,०००. हप्ता तू भरला असतास तर ही वजावट तुझी झाली असती, आईची नाही.
उरले ४,९७,०००. ज्येष्ठांना ३ लाखांपर्यंत कर नाही, वरच्या १,९७,००० वर ५ टक्के म्हणजे ९,८५०. उत्पन्न ५ लाखांच्या आत असल्याने तेवढी सूट, टॅक्स शून्य. कापलेले २४,६०० पूर्ण परत. नव्या पद्धतीत जेमतेम १,२०० परत आले असते.

जुनी पद्धत निवडायची तर रिटर्न १५ सप्टेंबरच्या आत जायलाच हवं, उशीर झाला की पर्याय संपला. आयटीआर-१ चालेल. नव्या पद्धतीतून बाहेर पडायचं का या प्रश्नाला `Yes` म्हण. पेन्शन `Income from Other Sources` मध्ये `Family pension` निवडून भर.

एक धोका आहे. जेमतेम ३,००० ची जागा आहे आणि जुन्या पद्धतीत ५ लाखांच्या वर मार्जिनल रिलीफ नाही. आधी आयकराच्या साइटवर एआयएस, म्हणजे खात्याकडे असलेल्या आईच्या उत्पन्नाच्या नोंदी, उघडून बघ, एखादं व्याज राहिलं असेल.

शुभदा_ठाणे
हे पटतंय, पण मग बँकेचा फॉर्म १६ आणि आमचं रिटर्न जुळणार नाही. विचारणा आली तर उत्तर द्यायला कोण जाणार? बँकेत विचारून लिहिते.

मुलुंड_पूर्व
जुनी पद्धत म्हणजे प्रत्येक कागद सांभाळा. मी तर नवीच घेतो, २३ हजार गेले तरी चालतील, कटकट नको.

परळकर_सचिन
ज्यांचे जातात त्यांना विचारा. आईचं पेन्शनच ४१ हजार आहे.
एआयएस बघितलं. सहकारी बँकेतल्या एका जुन्या खात्याचं ४,२०० व्याज निघालं. आता?

निवृत्त_लेखाधिकारी
८०टीटीबी चे ५०,००० आधीच संपलेत, त्यामुळे सगळे ४,२०० वाढतात. ५,०१,२०० झाले. टॅक्स १०,२४०, सेस धरून १०,६५०. दाखवायचं टाळू नकोस, ते त्यांच्याकडे दिसतंच आहे.
आईने त्या वर्षात रक्त-लघवी, ईसीजी अशी तपासणी केली होती का? ८०डी च्या ५०,००० मध्ये १२,००० ची जागा आहे, त्यात तपासणीचे ५,००० पर्यंत बसतात. रोख दिले असले तरी चालतात. पावती मात्र १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ मधली आणि खर्च आईचा हवा.

परळकर_सचिन
डिसेंबर २०२४ ची २,६०० ची पावती आहे, आईच्या नावावर. पैसे तिनेच दिले होते.

निवृत्त_लेखाधिकारी
मग ४,९८,६००. पॉलिसी नंबर आणि पोस्टाच्या पासबुकाचा फोटो हाताशी ठेव आणि निघायच्या आधी भरून टाक. त्या गृहस्थांनी केलेला मसुदा पाठवू नकोस.