रेझ्युमेत ग्राहकाचं नाव आणि आकडे झाकून काम कसं दाखवायचं?

निखिल (चाकण): मी वाहनांच्या सीट बनवणाऱ्या एका पुरवठादार कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे. ज्या गाडीसाठी काम केलं ती अजून बाजारात आलेली नाही. रुजू होताना गोपनीयता करारावर आणि 2 वर्षांच्या बाँडवर सही केली होती. बाँड पुढच्या महिन्यात संपतोय. रेझ्युमेत खालची ओळ लिहिली आहे. आकडे इथे बदललेत, पण मांडणी तीच आहे. यात काही उघड होतं का? आणि इतकं झाकल्यावर वाचणाऱ्याला माझं काम कळेल का?

"आघाडीच्या भारतीय कंपनीच्या आगामी इलेक्ट्रिक एसयूव्हीच्या पुढच्या सीटची फ्रेम डिझाइन केली (चाकण, उत्पादन 2026 अखेर). वजन 11.8 किलोवरून 10.3 किलो. प्रति सीट 340 रुपये, वर्षाला 6.12 कोटी रुपये बचत."

संदीप (पिंपरी): निखिल, विनाकारण घाबरतोयस. इथे सगळे सरळ ग्राहकाचं नाव लिहितात. "आघाडीची कंपनी" असं मोघम लिहिलं की समोरच्याला वाटतं, याने काम केलंच नसेल. माझ्या टीममधल्या दोघांचे रेझ्युमे असल्या शब्दांमुळेच मागे पडले. आणि बाँड संपला की विषय संपला. कलम 27 प्रमाणे नोकरी सोडल्यानंतरची बंधनं तशीही रद्दबातल असतात.

मेधा (सीट डिझाइन, पुणे): संदीप, कलम 27 बद्दल तुम्ही अर्धं बरोबर आहात. भारतीय करार कायद्याचं हे कलम माणसाला व्यवसाय करण्यापासून रोखणारी अट रद्द ठरवतं. म्हणजे निखिलला प्रतिस्पर्ध्याकडे नोकरी धरायला ते अडवू देत नाही. पण जुन्या मालकाची माहिती गुप्त ठेवण्याची जबाबदारी त्याने पुसली जात नाही. बाँड हा नोकरीच्या मुदतीचा असतो, गोपनीयतेची मुदत वेगळी लिहिलेली असते. बहुतेक करारांत ती नोकरी सुटल्यावरही काही वर्षं चालते. निखिल, तुझ्या प्रतीत 'समाप्तीनंतरही लागू' असं कलम शोध आणि त्यापुढे किती वर्षं लिहिलीत ते बघ.

आता तुझी ओळ. वर्षाला किती गाड्या, हा आकडा तू काढून टाकलास असं तुला वाटतंय, पण तो तिथेच आहे. 6.12 कोटींना 340 ने भागलं की 1,80,000 सीट येतात. पुढच्या सीट दर गाडीला दोन, म्हणजे वर्षाला 90,000 गाड्या. वाहन कंपनी जे आकडे सर्वांत जास्त जपते त्यांत हा येतो, कारण प्रतिस्पर्धी त्यावरून क्षमता आणि किंमत दोन्ही ताडतो. दोन निरुपद्रवी आकडे शेजारी ठेवले की तिसरा आपोआप बाहेर पडतो.

नावाचंही तेच. "भारतीय कंपनी", "इलेक्ट्रिक एसयूव्ही", "चाकण", "2026 अखेर" यातला एकेक शब्द चालेल. चारही एकत्र आले की या धंद्यातल्या माणसाला ग्राहक ओळखायला एक मिनिट पुरतं. शिवाय उत्पादन सुरू व्हायची तारीख ही स्वतंत्र गोपनीय बाब आहे. ती नावाशिवायही लिहू नकोस.

संदीप: मग उरलं काय? "सीट डिझाइन केली" एवढंच ना? त्याला मुलाखतीला कोण बोलावणार?

मेधा: उरतं ते बरंच आहे, आणि मला रेझ्युमे वाचताना तेच हवं असतं. सीटबेल्ट जिथे पक्का जोडतात त्या अँकरेजच्या चाचणीत वरच्या आणि खालच्या पट्ट्यावर प्रत्येकी 13,500 न्यूटन भार एकाच वेळी लावतात. अँकरेज सीटच्याच फ्रेमवर असेल तर सीटच्या वजनाच्या 20 पट भार आणखी येतो. हे एआयएस-015 या भारतीय वाहन मानकात छापलेलं आहे, कुणीही वाचू शकतं, म्हणून बिनधास्त लिही. बेल्टचं अँकरेज सीटवरच असताना एखाद्याने फ्रेम हलकी केली, एवढ्यावरून मला त्याच्या कामाचा कस कळतो. गाडी कुणाची हे त्यासाठी लागत नाही.

मी अशी लिहीन:

"प्रवासी वाहनाच्या पुढच्या सीटची फ्रेम संकल्पनेपासून टूलिंग रिलीजपर्यंत डिझाइन केली. बेल्ट अँकरेज सीटवरच असूनही एआयएस-015 चे भार पेलून फ्रेमचं वजन 10 टक्क्यांहून अधिक घटवलं. पातळ, जास्त ताकदीचं पोलाद निवडलं आणि दोन ब्रॅकेटचा एक केला. तीन जणांच्या टीममध्ये भार-विश्लेषण आणि डीएफएमईए माझ्याकडे होतं."

तू इथे दिलेल्या वजनांवरून नेमका आकडा 12.7 टक्के येतो. तो न लिहिता "10 टक्क्यांहून अधिक" लिहिलं. ते खरं आहे आणि त्यावरून मागे हिशोब करता येत नाही. रुपये पूर्ण काढले, कारण पुरवठादाराची बचत कळली की ग्राहक पुढच्या वाटाघाटीत तीच मागतो. म्हणजे हा आकडा तुझ्या स्वतःच्या कंपनीलाच सर्वांत जास्त महागात पडेल.

अनघा (आयटी, हिंजवडी): माझा प्रश्न थोडा असाच आहे. माझा 2 वर्षांचा बाँड आहे आणि 14 महिने झालेत. सोडलं तर 1 लाख मागतायत. रेझ्युमेत ही कंपनी लिहिलीच नाही तर चालेल का? बाँडचं काम लपवायचंच असतं ना?

मेधा: अनघा, तुझा विषय वेगळा आहे. निखिलला ग्राहकाची माहिती झाकायची आहे, तुला अख्खी नोकरी झाकायची आहे. तसं करू नकोस. पीएफच्या नोंदीत ती दिसते आणि पार्श्वभूमी तपासणीत 14 महिन्यांची पोकळी समोर येते. बाँडच्या रकमेबद्दल मात्र गाफील राहू नकोस. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात 3 वर्षांच्या अटीची 2 लाखांची रक्कम योग्य ठरवली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च हा मुद्दा तिथे होता. तुझ्या कंपनीला तसाच न्याय लागेल असं मी म्हणणार नाही, पण "बाँड म्हणजे नुसता कागद" हेही खरं नाही.

रमेश (निवृत्त, कल्याण): यावरचा जुना निकाल आमच्या कल्याणचाच आहे. सेंच्युरीच्या टायर कॉर्ड कारखान्यात गोलिकारी नावाचे शिफ्ट सुपरवायझर होते. कंपनीने हॉलंड आणि जर्मनीच्या कंपन्यांकडून तंत्र घेतलं होतं आणि ते गुप्त ठेवायची अट स्वतः मान्य केली होती. गोलिकारींचा करार 5 वर्षांचा. 1964 मध्ये ते मध्येच सोडून कोट्याच्या रेयॉन कंपनीत गेले. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती त्यांच्यावरची मनाई कायम ठेवली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की गुपित मुळात परदेशी कंपन्यांचं होतं. निखिलचंही तसंच आहे. त्याचा करार पुरवठादाराशी आहे, पण माहिती ग्राहकाची आहे आणि पुरवठादाराने ग्राहकाला लिहून दिलेलं असणार. म्हणून "माझा मॅनेजर हो म्हणाला" एवढ्याने भागत नाही.

विक्रम (संरक्षण पुरवठादार, नाशिक): मेधाताईंची ओळ आमच्याकडे अजिबात चालणार नाही. आमच्या कामाला 1923 चा शासकीय गुपिते कायदा लागतो, तिथे प्रश्न नुकसानभरपाईचा नाही, तुरुंगाचा आहे. आम्ही प्रकार, मटेरियल, टक्केवारी काहीच लिहीत नाही. "अचूक यंत्रभाग, 5-अॅक्सिस मशिनिंग, तपासणीसाठी सीएमएम" एवढंच, आणि तेही सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवून. निखिलने हेच करावं असं माझं मत आहे.

मेधा: विक्रम, तुमच्या कामाला ते योग्यच. पण निखिलचा करार दिवाणी आहे आणि सीट हा रस्त्यावर येणारा माल आहे. गाडी शोरूममध्ये आली की प्रतिस्पर्धी ती विकत घेऊन सीट सुटी करतात आणि फ्रेम काट्यावर ठेवतात. त्या दिवशी वजन गुपित राहत नाही. किंमत आणि पुरवठादाराचं नाव तरीही राहू शकतं. तिथे आणि इथे एकच माप लावलं तर या मुलाने दोन वर्षं काय केलं हे कुणालाच कळणार नाही.

शिल्पा (भरती सल्लागार): संदीपच्या बोलण्यात तथ्य आहे, ते टाकून देऊ नका. आम्ही शोधतो तेव्हा "सीट फ्रेम", "कॅटिया", "एआयएस-015", "डीएफएमईए" हे शब्द टाकतो. क्वचित ग्राहकाचं नावही टाकतो, आणि नाव नसलेला रेझ्युमे त्या शोधात येत नाही. हा तोटा खरा आहे. पण उलटंही पाहिलंय. एका उमेदवाराने मुलाखतीत लॅपटॉप उघडून जुन्या ग्राहकाचं ड्रॉइंग दाखवलं. कोपऱ्यातला ड्रॉइंग नंबर स्पष्ट वाचता येत होता. विभागप्रमुखांनी मुलाखत तिथेच थांबवली. उद्या हा आमचंही दाखवेल, एवढंच ते म्हणाले.

संदीप: ड्रॉइंग दाखवणं चूकच, ते मी कधीच म्हटलं नाही. पण माझ्या कंपनीच्या वेबसाइटवर ग्राहकांची बोधचिन्हं लावलेली आहेत. जगजाहीर असलेलं नाव मी लिहिलं तर गुपित कसलं?

मेधा: हा मुद्दा रास्त आहे. कंपनीने स्वतः जाहीर केलेला ग्राहक "कंपनीचे ग्राहक" म्हणून कंपनीच्या ओळीत लिहायला माझी हरकत नाही. पण तेच नाव प्रकल्पाच्या ओळीत गेलं की "त्या ग्राहकाची नवी इलेक्ट्रिक गाडी येतेय आणि सीट आमच्याकडे आहे" असा अर्थ होतो, आणि ते वेबसाइटवर नाही.

संदीप: वाचणारा दोन्ही ओळी जोडणारच की.

मेधा: ग्राहक एकच असेल तर जोडेल, आणि मग मीही ते नाव लिहिणार नाही. पाच-सहा असतील तर जोडता येत नाही. निखिलच्या कंपनीचे किती आहेत ते त्यालाच ठाऊक.

फरहान (पेटंटचं काम, मुंबई): मेधाताई, तुमच्या ओळीत मला एक गोष्ट खटकली. "दोन ब्रॅकेटचा एक केला" हा आकडा नाही, कल्पना आहे. कंपनी त्यावर पेटंट अर्ज करणार असेल आणि आधीच ते कुठे उघड झालं, तर नावीन्यावरच प्रश्न येतो. अर्ज झाला असला तरी आपल्याकडे तो साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, तोवर बाहेर काहीच नसतं. माझ्या मते ब्रॅकेटचा उल्लेख काढावा.

मेधा: ब्रॅकेट एकत्र करणं हे आमच्या धंद्यात रोजचं आहे, त्यावर पेटंट मिळेल असं मला वाटत नाही. कसे एकत्र केले, वेल्ड कुठे हलवला, हे गुपित असू शकतं आणि ते ओळीत नाही.

फरहान: रोजचं आहे हे ठरवायचा अधिकार रेझ्युमे लिहिणाऱ्याला नाही. त्याने कंपनीच्या पेटंट विभागाला एका ओळीत विचारावं.

संदीप: म्हणजे नोकरी सोडायच्या आधीच सोडतोय असं सांगून बसायचं.

फरहान: प्रकल्पातल्या नव्या कल्पनेचा पेटंटसाठीचा शोध-अहवाल भरलाय का, एवढंच विचारायचं. रेझ्युमेचं नाव काढायची गरज नाही.

निखिल: सर्वांचे आभार. करार काढून पाहिला. गोपनीयता नोकरी सुटल्यापासून 3 वर्षं आहे, "व्यापारी गुपितांना" मुदत नाही. ग्राहक तीनच आहेत, म्हणून नाव कुठेच लिहीत नाही. तारीख आणि रुपये काढले. शोध-अहवाल भरलेला नाही असं कळलं, तरी ब्रॅकेटची ओळ तूर्त काढली आहे, मेधाताईंचं म्हणणं पटत असूनही. लिंक्डइनवर मात्र वर्षभरापूर्वी प्रकल्पाचा सांकेतिक क्रमांक टाकलेला सापडला, तो आत्ताच काढला. एकच शंका राहिली. मुलाखतीत "वजन नेमकं किती होतं?" असं विचारलं तर?

शिल्पा: "नेमका आकडा कराराखाली आहे, कसं घटवलं ते सांगतो" म्हण आणि लगेच कागद घे. एआयएस-015 चे भार लिहून स्वतःच्या मापांची एक कोरी फ्रेम काढ आणि भार कुठून कुठे जातो ते दाखव. बहुतेक जण पुढचा प्रश्न त्या कागदावरच विचारतात. एखादा आकड्यावरच अडून बसला, तर त्याला तुझं कौशल्य हवंय की तुझ्या ग्राहकाची माहिती, हे तिथेच विचारून घे.