निरर्थक शब्दांचा वर्गातला प्रयोग: डोक्यातला नियम दिसतो की नुसतं यमक जुळतं?

मराठीची_बाई (नौपाडा)
ठाण्यात अकरावीला मराठी शिकवते. काल फळ्यावर एक नसलेला प्राणी काढला, शेजारी लिहिलं ‘हा भिसा’, आणि ‘आपण ___ला चारा देऊ’ हे वाक्य पूर्ण करायला सांगितलं. बहुतेक मुलं ‘भिशाला’ म्हणाली. हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नाही, म्हणजे स चा श करण्याची रीत त्यांच्या डोक्यात आयती आहे, असं मी म्हटलं. शिक्षकांच्या खोलीत यावरून बरंच वाजलं. तुमचं काय मत?

निवृत्त_मास्तर_कळवा
बाई, यात सिद्ध काहीच झालं नाही. ससा-सशाला, मासा-माशाला, घसा-घशाला हे सामान्यरूप आम्ही वर्षानुवर्षं पाठ करून घेतलंय. तेच पोरांनी परत दिलं. वर तुमचा भिसा यमकात थेट सशाच्या मांडीला मांडी लावून बसतो. शब्द नवा असेल, साचा जुनाच आहे.

ध्वनीवेडा_वाशी
मास्तर, यमकाचा मुद्दा मान्य, पाठांतराचा नाही. ‘समोशाची चटणी’ कोणत्या इयत्तेत पाठ केली होती? समोसा बाहेरून आला आणि कित्येकांच्या तोंडी आपोआप सशाच्या रांगेत बसला.

बाई, तुमचा शब्द मात्र फसलाय. भिसे हे आडनाव आहे आणि भिशी तर निम्म्या सोसायट्यांत चालते. मुलांच्या कानात ‘भिशी’ आधीच असेल तर ‘भिशाला’ कुठून आलं हे कसं सांगणार? ‘किबसा’ घ्या. मागेपुढे ओळखीचं काही लागत नाही.

पण खरी गंमत हवी असेल तर स सोडा, ज घ्या. ‘मोजा’ म्हणा, मग ‘मोजे’ म्हणा. पहिला ज ‘जाड’मधला, दुसरा ‘जेवण’मधला. जीभ दातांजवळून मागे सरकते. चमचा-चमचे यातही तेच. लिहिताना दोन्हीकडे एकच अक्षर, त्यामुळे शुद्धलेखनाच्या वहीत हा बदल कधी आलाच नाही, आणि बहुतेकांना तो आपण करतो हेही ठाऊक नसतं. ‘टेबजा’ असा शब्द ‘जाड’मधल्या ज ने म्हणा आणि ‘आता इथे दोन ___’ विचारा. फळ्यावर काही लिहायचं नाही. लिहिलंत की मूल कुठल्याही ज ने वाचेल आणि प्रयोग तिथेच संपेल.

कोडवाला_घणसोली
हे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर १९५८ मध्येच दाखवलंय. ‘वग’ नावाचं पाखरू, एक वग, दोन वग्ज. चार वर्षांच्या मुलांनीही सगळं अचूक सांगितलं. म्हणजे नियम जन्मजात असतात, विषय संपला.

ध्वनीवेडा_वाशी
पाखरू बरोबर, निकाल अर्धा. चार ते सात वर्षांच्या त्या मुलांपैकी बहुतेकांना ‘वग्ज’ आणि ‘ग्लासेस’ जमलं, पण ‘टॅस’ या बनावट शब्दाचं ‘टॅसेस’ साधारण तिघांत एकालाच आलं. बाकीची बरीच मुलं ‘टॅस’वरच थांबली. ग्लासेस येतं आणि टॅसेस येत नाही, म्हणजे ग्लासेस हा त्या वयात निव्वळ लक्षात राहिलेला शब्द असू शकतो. ओळखीच्या शब्दावरून कळत नाही ते बनावट शब्दावरून कळतं, ते हेच. जन्मजात वगैरे त्यातून निघत नाही.

ऐरोलीची_आई
माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीला स्पीच थेरपिस्ट असेच निरर्थक शब्द म्हणायला लावतात. तिला लांब शब्द जमत नाहीत. मग तिचे नियम कच्चे आहेत असं समजायचं का? आता काळजी वाटायला लागली.

ध्वनीवेडा_वाशी
ताई, ती चाचणी वेगळी. तिथे ऐकलेला शब्द जसाच्या तसा परत म्हणायचा असतो, म्हणजे आवाज लक्षात धरून ठेवणं तपासतात. इथे शब्द बदलायचा असतो. एकावरून दुसऱ्याचा अंदाज नको. तुमचं थेरपिस्टशीच बोलून घ्या.

ऐरोलीची_आई
बरं झालं विचारलं. (ती ‘सशाला’ मात्र ठणकावून म्हणते.)

मराठीची_बाई (नौपाडा)
आज परत केलं. एकेकाला व्हरांड्यात बोलावलं, फोनवर रेकॉर्ड केलं. बावीस मुलं. ‘दोन टेबजे’ सगळ्यांनी म्हटलं, पण ज कोणता हे मला माझ्या कानावर सोडायचं नव्हतं. मी काय शोधतेय ते न सांगता भूगोलाच्या सरांना तुकडे ऐकवले, ‘जाड’सारखा की ‘जेवण’सारखा एवढंच विचारलं. एकोणीस ‘जेवण’सारखे निघाले. तिघांचे त्यांना ठरवता आले नाहीत.

किबसा मात्र अडखळला. ‘किबशाला’ तेरा, ‘किबसाला’ सात. घरी हिंदी बोलणारे दोघे ‘किबसेला’ म्हणाले.

निवृत्त_मास्तर_कळवा
सात जण चुकले! कुठे गेला तुमचा आयता नियम?

ध्वनीवेडा_वाशी
चुकले असं मी म्हणणार नाही. बाई, तुम्ही परत ‘हा किबसा’ असंच म्हणालात का? मग काहींना ते त्या प्राण्याचं नाव वाटलं असणार. घोडा-घोड्याला, पण राजा-राजाला, मामा-मामाला. माणसाच्या नावाला आणि मामा-काकासारख्या नात्याला आपण हात लावत नाही. ‘हा एक किबसा आहे, असले प्राणी डोंगरात राहतात’ असं म्हणून पाहा. अनेकवचन तोंडातून निसटू देऊ नका, नाहीतर उत्तर तुम्हीच दिलंत.

‘किबसेला’ म्हणणारे दोघे तर मला सगळ्यात आवडले. हिंदीत घोडा-घोडे को. त्यांनी मराठीचा ‘ला’ घेतला आणि खालचा साचा घरचा ठेवला. तो त्यांना कुठल्या मास्तरांनी शिकवला?

निवृत्त_मास्तर_कळवा
ज चं पाठांतर नाही, हे मान्य करतो. मघाशी नातीकडून मोजा-मोजे म्हणवून घेतलं. साठ वर्षं मराठी बोलतोय, आजवर लक्षात आलं नव्हतं. पण यमकाचं काय? आरसा, कोळसा, वारसा, सगळे शेवटी ‘सा’. मुलं नियम लावतात की जवळचा शब्द शोधून त्याची नक्कल करतात, हे तुमच्या प्रयोगातून कसं वेगळं करणार?

ध्वनीवेडा_वाशी
या प्रयोगातून नाही करता येत. मराठीत ‘सा’ने संपणारं साधं पुल्लिंगी नाम म्हटलं की बहुतेक याच रांगेतलं, म्हणून नियम आणि नक्कल दोघांचं उत्तर एकच येतं. दोघांची उत्तरं वेगळी पडतील असा शब्द शोधावा लागेल. मला अजून सापडलेला नाही.

कोडवाला_घणसोली
एक शंका. ‘जेवण’वाला ज हा जिभेचा नाइलाज नाही ना? ए, ई समोर दुसरा ज जमतच नसेल तर नियम कसला?

ध्वनीवेडा_वाशी
चांगला प्रश्न. ‘झिरो’ म्हणा, ‘मॅगझीन’ म्हणा. ई समोर जीभ दातांजवळ राहतेच की. जमतं, पण मोज्याचं अनेकवचन करताना आपण तसं करत नाही.

मराठीची_बाई (नौपाडा)
सोमवारी ‘हा एक किबसा आहे’ म्हणून परत करते, दुसऱ्या तुकडीवर. या तुकडीत किबसा आता सगळ्यांना माहीत झालाय. काल एकाने डब्याला किबसा नाव ठेवलं आणि ‘किबशात पोहे आहेत’ म्हणाला.