अनुभव धागा: सिलिंडर, पाइपगॅस, इंडक्शन. महिन्याला किती लागतं आणि मोजलंत कसं?

मापंवजनं
दर प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे रुपये-पैसे नकोत. किलो, घनमीटर आणि युनिट सांगा, आणि तो आकडा कुठून काढलात तेही. 'सिलिंडर साधारण दीड महिना जातो' एवढ्याने भागत नाही. तो दीड महिना घरात किती जण जेवले, पाणी तापवायला गॅस वापरला का, यावर सगळं बदलतं.

हिशेबी
तिन्ही एकाच पातळीवर आणायला पाण्याची चाचणी पुरते. तेच पातेलं, तेच झाकण, दोन लिटर पाणी, २५ अंशांपासून ९५ पर्यंत. उकळी येईपर्यंत थांबायचं नाही, कारण शेवटच्या चार-पाच अंशांत वाफ बरीच उष्णता घेऊन जाते आणि 'उकळलं' कधी म्हणायचं यावर दर वेळी वाद होतो.

इंडक्शनवर याला ०.१९ ते ०.२० युनिट लागतं. पाइपगॅसच्या मीटरवर दशांशचिन्हानंतरचे लाल आकडे बघा, ०.०२७-०.०२८ घनमीटर जातो, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस लिटर. सिलिंडरचा गॅस सुमारे २१ ग्रॅम. यावरून एक किलो सिलिंडर गॅस म्हणजे साधारण १.३ घनमीटर पाइपगॅस, म्हणजे साधारण ९ युनिट. हे गुणोत्तर हाती आलं की पुढे फक्त आपापले दर लावायचे.

निळी ज्योत
एवढं कशाला? इंडक्शनची ८५ टक्के उष्णता भांड्यात जाते, गॅसची साधारण ६०. म्हणजे इंडक्शन तिसऱ्या हिश्श्याने स्वस्त, विषय संपला.

हिशेबी
टक्केवारी बरोबर आहे, निष्कर्ष नाही. ती टक्केवारी उष्णतेची, खर्चाची नव्हे. विजेतली आणि गॅसमधली तेवढीच उष्णता एकाच भावाने मिळाली असती तर तुमचं खरं ठरलं असतं. वर जे ९ युनिट आले त्यात ही टक्केवारी आधीच धरलेली आहे. किलोच्या दराला ९ ने भागा. तुमचं युनिट त्याहून स्वस्त असेल तर इंडक्शन परवडतं. पाइपगॅसवाल्यांनी घनमीटरच्या दराला ७ ने भागावं.

तिसरा मजला
आमच्या इंडक्शनवर २००० वॅट लिहिलंय. रोज तीन तास स्वयंपाक, म्हणजे सहा युनिट, महिन्याला १८०. हे ऐकूनच घरच्यांनी तो माळ्यावर टाकला.

खटपट्या
२००० हा सगळ्यात वरचा आकडा. तो पाणी तापेपर्यंत पाच-सात मिनिटं लागतो, नंतर आपण ८०० किंवा ४०० वर येतो. बऱ्याच यंत्रांत ४०० म्हणजे सलग ४०० सुद्धा नसतं. काही सेकंद चालू, काही सेकंद बंद. म्हणून वॅट गुणिले तास करू नका, मधे युनिट मोजणारा प्लग लावा. फक्त तो १६ अँपियरचा घ्या. २००० वॅटला जवळजवळ नऊ अँपियर लागतात, सहाचा प्लग गरम होऊन वितळतो.

मापंवजनं
तिसरा मजला, तुम्ही गॅसवर किती वापरता? तिथून उलट येऊ.

तिसरा मजला
सिलिंडर आहे. वजन कधी केलं नाही.

हिशेबी
सामान तोलायचा टांगता काटा घ्या, ५० किलोपर्यंतचा. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच कोरलेलं असतं, ते वजा केलं की आत किती उरलंय ते कळतं. २१ ग्रॅमचा फरक त्या काट्याला दिसत नाही, म्हणून दहा-दहा दिवसांनी तोला. समजा तीस दिवसांत ८ किलो गेला. त्याचे साडेदहा घनमीटर, किंवा ७२ युनिट. तुमच्या १८० च्या निम्म्याहूनही कमी.

आता खरी मेख. हे ७२ युनिट तुमच्या बिलात कुठे बसतील? दर टप्प्याटप्प्याने चढत असेल तर ती भर सगळ्यात वरच्या टप्प्यात पडते. बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढून तुलना केली की इंडक्शन हमखास स्वस्त दिसतं, आणि पुढच्या बिलाला धक्का बसतो. शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, त्यावरचा कर आणि अधिभार धरून. स्थिर आकार मात्र सोडून द्या, तो तसाही भरायचाच आहे.

बिनधुराची चूल
पाइपगॅसच्या बाबतीत स्थिर आकार सोडता येत नाही. सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला तरी जोडणी ठेवली तर तो येतोच. निम्मं इकडे, निम्मं तिकडे करणाऱ्याने तो दोन्ही बाजूंना धरू नये, पण विसरूही नये. शिवाय बिल दोन महिन्यांचं असेल तर निम्मं करायचं राहून जातं. हसू नका, मी पाहिलंय.

कळशी
माझा प्रश्न वेगळा आहे. इंडक्शनवर लवकर होतं की गॅसवर? आणि माझी निम्मी भांडी ॲल्युमिनियमची आहेत.

खटपट्या
इथे खर्च चाललाय, पण भांड्यांचा खर्चाशी संबंध आहे. बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला पाहिजे. नुसतं ॲल्युमिनियम चालणार नाही. खाली पोलादी चकती जोडलेलं चालतं, पण चकती लहान असेल तर चाचणीत ०.२० ऐवजी ०.२५ पर्यंत युनिट जातं. बूड फुगून मधे उचललेलं असेल तरी तेच. तळावर पट्टी उभी धरून बघा, खालून उजेड दिसला तर ते भांडं गॅसवरच ठेवा. नवी भांडी घ्यावी लागली तर त्यांची किंमत हिशेबात घ्या, त्यात बरेच महिने निघून जातात.

शेगडीदुरुस्ती
गॅसवाल्यांचा आकडा २१ ऐवजी ३० ग्रॅम येत असेल तर आधी ज्योत बघा. ती भांड्याच्या बाहेर येत असेल तर वाया जातेय, लहान भांडं मोठ्या बर्नरवर ठेवलं की हेच होतं. ज्योत पिवळी आणि बूड काळं असेल तर बर्नरची भोकं किंवा हवेची वाट चोंदलीय.

आणि शेगडी सिलिंडरची तशीच पाइपवर जोडली असेल तर तुलनाच फसते. पाइपच्या गॅसचा दाब कमी आणि उष्णताही कमी, त्यामुळे जेटचं भोक मोठं लागतं. जुना जेट राहिला की ज्योत मलूल, तेवढ्याच कामाला जास्त वेळ, आणि लोक म्हणतात पाइपगॅसला दम नाही. उलट चूक धोक्याची. पाइपचा जेट ठेवून सिलिंडर जोडला तर ज्योत उसळते. जेट जोडणीवाल्याकडूनच बदलून घ्या.

निळी ज्योत
मंद आचेवर तासभर शिजवायचं असेल तर? तिथे तुमचं ९ चालतं का?

हिशेबी
नाही. ते पाणी तापवायचं गुणोत्तर आहे. मंद आचेवर गॅसच्या बर्नरला एका मर्यादेखाली आणता येत नाही आणि भांड्याला लागते थोडीच उष्णता, म्हणून तिथे इंडक्शनची बाजू वर जाते. थेट ज्योतीवर भाजायचं असेल तर इंडक्शन बादच. तुमच्या घरात कुठलं काम किती, त्यावर हे ९ कमी-जास्त होईल. झाकण, भांडं, आच, सगळं यात येतं. माझ्याकडे सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही.

तिसरा मजला
माळ्यावरून उतरवलाय. टाकी आज भरलेली तोलली, २९.३ आलं. दहा दिवसांनी परत टाकतो.