मदत हवी आहे: रविवर्मा प्रेसची लक्ष्मी, जुना छाप की नंतरची कॅलेंडर कॉपी?

आजीच्या देवघरातली लक्ष्मीची तसबीर माझ्याकडे आलीये, कमळावर उभी, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती, म्हणजे तीच राजा रविवर्माची १८९६ ची, जिच्यावरून पुढे निम्म्या कॅलेंडरवरच्या लक्ष्म्या निघाल्या. साडीवर कुणीतरी जरी न टिकल्या चिकटवल्यात. खालची पट्टी फ्रेममध्ये बसवताना कापलीये, त्यामुळे प्रेसचं नाव असलंच तर गेलं.

भिंगाने बघून झालं. चेहऱ्यावर बारीक ठिपके आहेत पण वेडेवाकडे, लहानमोठे, हाताने दिल्यासारखे. ऑफसेटला असते तशी ठिपक्यांची एकसारखी जाळी नाही, म्हणजे दगडावरचा लिथो असावा असं वाटतंय. उजेडात तिरकं धरलं की वॉर्निशची पिवळट चमक दिसते. कागद मागून पुठ्ठ्याला डकवलाय, सोडवायला गेलं तर फाटेल, त्यामुळे मागची बाजू बघा असं प्लीज सांगू नका. विकायची नाहीये.

अडलंय इथे, की रविवर्माने प्रेस श्लायशरला विकल्यावरही मळवलीला छपाई चालूच होती, आणि इतर छापखान्यांनीही त्याच चित्राचे लिथो काढले. मग पट्टी नसताना नुसत्या रंगांवरून किंवा ठिपक्यांवरून मळवलीचा छाप आणि दुसऱ्याची नक्कल यातला फरक कसा ओळखायचा?