राजीनाम्याआधी एक हिशेब

"मामा, महिनाअखेर राजीनामा देऊन पूर्णवेळ इंट्राडे करायचं म्हणतोय. पाच लाख साठलेत. तुम्हाला काय वाटतं?"

प्रिय भाच्या,

मी रागावलेलो नाही. फक्त वहीत हिशेब मांड. 1 लाखाचे शेअर घेऊन त्याच दिवशी विकलेस, तर दोन्ही वेळचं 20-20 रुपये ब्रोकरेज, विक्रीवर 25 रुपये एसटीटी हा सरकारी कर, शिवाय एक्स्चेंजचं शुल्क, स्टॅम्प ड्यूटी, जीएसटी धरून साधारण 80 रुपये जातात. रोज असे पाच सौदे केलेस तर वीस दिवसांत 8,000. भाव जागचा हलला नाही तरी हे जाणारच. त्यावर घरखर्चाचे 30,000 धर. म्हणजे पाच लाखांवर दरमहा साडेसात टक्क्यांहून जास्त कमवायचे, तेही एकही महिना न चुकता.

सेबीच्या पाहणीत 2022-23 साली इंट्राडे करणाऱ्या दहांतले सात जण तोट्यात होते. वर्षाला 500 हून जास्त सौदे करणाऱ्यांत आठ. तुझे तर 1,200 होतील. मला याचीच काळजी वाटते.

रविवारी ये, ब्रोकर सौद्यांचा हिशेब पाठवतो त्या आजवरच्या कॉन्ट्रॅक्ट नोट घेऊन. तुझ्या नफ्यातून शुल्क वजा झालंय का, ते दोघं मिळून बघू. तोवर राजीनामा देऊ नकोस.

तुझा मामा